तेरा मॅचवरून दोनवर आलो. माझं प्रोफाइल कोणाला दाखवतच नाहीत का?

उत्तररात्र

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

एका डेटिंग ॲपवर तीन आठवड्यांपूर्वी आलो. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक त्यांची की माझी हेच अजून कळलेलं नाही. पहिला आठवडा छान गेला, मग आटतच गेलं. सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचा डेटा मागवता येतो हे इथेच वाचलं होतं. दोन दिवसांनी फाइल आली. तिच्यातल्या रोजच्या आकड्यांची आठवड्यावार बेरीज केली:

पहिला आठवडा: उजवीकडे ३४०, डावीकडे ६०, मॅच १३
दुसरा आठवडा: उजवीकडे ४१०, डावीकडे ३०, मॅच ६
तिसरा आठवडा: उजवीकडे ४३०, डावीकडे १०, मॅच २

फोटो तेच, माहिती तीच, वय २७ ते ३३ आणि अंतर १५ किलोमीटर, यातलं काहीच बदललेलं नाही. पैसे भरलेले नाहीत. माझा समज असा झालाय, की आधी दाखवून चटक लावतात आणि मग पैसे भरावेत म्हणून झाकून ठेवतात. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर ते ओळखायचं कसं?

एक सांगायला हवं. माझी रात्रपाळी असते. पहिल्या आठवड्यात पाच जणींनी आपणहून मेसेज केले, त्यातल्या तिघींना मी आजवर उत्तर दिलेलं नाही. तेव्हा जमलं नाही आणि नंतर लिहायला संकोच वाटला. याचा संबंध असेल तर तेही सांगा.

पाणकावळा

संबंध आहेच. प्रत्येकाला एक गुप्त गुण असतो, एलो म्हणतात त्याला. बुद्धिबळातून आलाय. वरच्या गुणाच्या व्यक्तीने तुला उजवीकडे सरकवलं तर तुझा गुण वाढतो, खालच्या गुणाच्या व्यक्तीने डावीकडे टाकलं तर धाडकन उतरतो. तू सगळ्यांना उजवीकडे सरकवत सुटलास, गुण पडला, विषय संपला. यावर उपाय एकच. खातं काढून टाक, आठवडाभर थांब, नव्याने उघड. मी दोनदा केलंय, दोन्ही वेळा मॅच पुन्हा सुरू झाले.

तिसरा_मजला

पहिला मेसेज काय पाठवता त्यावर बरंच असतं. नुसतं 'हाय' लिहिलं तर उत्तर येत नाही, प्रोफाइलमधलं काहीतरी धरून विचारावं. मला यामुळे फार फरक पडला.

उत्तररात्र

@तिसरा_मजला, माझा प्रश्न मॅच व्हायच्या आधीचा आहे. पहिला मेसेज पाठवण्यापर्यंत गाडी पोचतच नाहीये. तरी लक्षात ठेवतो.

गारगोटी

मी एका छोट्या डेटिंग सेवेत साडेतीन वर्षं नेमकं हेच काम केलंय: कोणाला कोणाचं प्रोफाइल कितव्या नंबरावर दाखवायचं. ती सेवा आता बंद झाली आहे. मोठ्या ॲपांच्या आतले आकडे त्या कंपन्या बाहेर देत नाहीत, त्यामुळे मी सांगणार आहे ती या कामाची सर्वसाधारण रचना आणि त्यांनी स्वतः जाहीर केलेल्या चार गोष्टी.

@पाणकावळा, एलोची गोष्ट खरी आहे, पण जुनी झाली. टिंडरमध्ये असा गुण असतो हे २०१६ मध्ये बाहेर आलं. मार्च २०१९ मध्ये त्यांनीच लिहून टाकलं की आता आम्ही एलोवर चालत नाही. त्याच लिखाणात त्यांनी हेही सांगितलं, की जे सध्या ॲप वापरताहेत, आणि शक्यतो एकाच वेळी वापरताहेत, अशांना एकमेकांसमोर आणण्याला आम्ही सर्वांत जास्त महत्त्व देतो.

आता @उत्तररात्र यांच्या प्रश्नाकडे. 'माझी दृश्यता' म्हणून एकच आकडा कुठेतरी लिहून ठेवलाय आणि तो खालीवर होतो, असं आपण सगळे धरून चालतो. माझ्या मते गोंधळाचं मूळ तिथे आहे. तुम्ही हजारो वेगवेगळ्या रांगांमध्ये उभे असता. समोरच्या प्रत्येक व्यक्तीसाठी एक रांग असते आणि त्या प्रत्येक रांगेत तुमचा नंबर वेगळा असतो. एकीच्या रांगेत तुम्ही चौथे असाल, दुसरीच्या रांगेत नऊशेवे. ती जर एका बैठकीत ३० प्रोफाइल बघून ॲप बंद करत असेल, तर नऊशेवा नंबर म्हणजे न दिसण्यासारखंच. तुम्हाला कोणी लपवलेलं नसतं, तुमचा नंबरच आलेला नसतो.

ही रांग दोन टप्प्यांत लागते. आधी चाळणी: वय, अंतर, कोण कोणाला शोधतंय, आधी पाहून झालंय का, शेवटचं ॲप कधी उघडलं होतं. या चाळणीतून उरलेल्यांना मग क्रम दिला जातो. तुमच्या आकड्यांवरून मला वाटतं की तुमची मोठी अडचण चाळणीतच आहे, आणि तिचा शिक्षेशी संबंध नाही. एक सांगा: तिसऱ्या आठवड्यात जी प्रोफाइलं दिसत होती ती किती अंतरावरची होती? आणि पहिल्या आठवड्यात?

उत्तररात्र

हे मी लक्ष देऊन कधी पाहिलंच नव्हतं, तुम्ही विचारल्यावर आठवतंय. सुरुवातीला दोन, तीन, पाच किलोमीटर असायचं. आता जवळपास सगळी तेरा ते पंधरा. आणि नावाशेजारी 'नुकतीच आली होती' अशी जी खूण असते ती आधी बहुतेकांना होती, आता क्वचित दिसते.

गारगोटी

मग चित्र बरंच स्पष्ट होतं. तीन आठवड्यांत तुम्ही ४००, ४४० आणि ४४० मिळून १२८० प्रोफाइलं पाहिलीत. सात वर्षांची वयोमर्यादा आणि १५ किलोमीटर एवढ्यात नियमित ॲप उघडणाऱ्या जणी किती असतील? ॲप सर्वांत चांगली जुळणी आधी दाखवतं: जवळची, रोज येणारी, तुम्हाला आवडेल असा अंदाज असलेली. ती प्रोफाइलं तुम्ही पहिल्या दहा दिवसांत संपवलीत. तिसऱ्या आठवड्यात तुमच्यासमोर तळाचा गाळ उरला होता. ज्यांनी महिनाभर ॲप उघडलेलं नाही त्यांना तुम्ही पसंती देत होतात. ती पसंती त्यांच्या रांगेत जाऊन बसते, पण रांगेकडे बघायला कोणी आलंच नाही तर मॅच कुठून होणार?

त्यात पहिल्या आठवड्याची एक वेगळी गंमत असते. नवीन माणूस आला की यंत्रणेला त्याच्याबद्दल काहीच माहिती नसते. म्हणून त्याला निरनिराळ्या प्रकारच्या लोकांसमोर मुद्दाम वरच्या क्रमांकावर दाखवून पाहतात, कोण पसंत करतं, कोण टाकून देतं ते जमवायला. आमच्याकडे हे साधारण पहिली काही शे दर्शनं होईपर्यंत चालायचं. दिवस मोजत नसू, दर्शनं मोजत असू. हा काळ सरला की माणूस आपल्या नेहमीच्या जागेवर येतो. त्याला मात्र वाटतं की आपल्याला खाली ढकललं.

@पाणकावळा, तुमचे मॅच दोन्ही वेळा सुरू झाले ते यामुळेच. नवीन खातं, नवी चाचणी, आणि पाहून झालेल्यांची यादीही पुसली गेली, म्हणजे जवळच्या जणी पुन्हा पहिल्यापासून दिसल्या. पण जुन्या खात्यावरून दिलेल्या, अजून कोणी न पाहिलेल्या सगळ्या पसंत्याही त्याबरोबर गेल्या.

पाणकावळा

हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी तीन आठवड्यांत पुन्हा थंड पडलं होतं, ते आता समजलं. पण गुण नसतोच हे मी मान्य करणार नाही. एकसारख्या वयाच्या दोघा मित्रांपैकी एकाला रोज मॅच मिळतात, दुसऱ्याला नाही, हे मी डोळ्यांनी पाहतो.

गारगोटी

गुण नसतो असं माझं म्हणणं नाही. तो जोडीचा असतो, एकट्याचा नसतो. तुमच्या दोन मित्रांचा फरकही खरा आहे. ज्याला सरसकट जास्त पसंत्या मिळतात, त्याच्याबद्दलचा अंदाज बहुतेक रांगांमध्ये वरचा येतो. परिणाम तुम्ही म्हणता तसाच दिसतो, फक्त आत एक आकडा नसून पुष्कळ अंदाज असतात.

आता उत्तर न देण्याचा मुद्दा. तो लांबलचक आहे, पण सगळ्यात महत्त्वाचा मला हाच वाटतो.

नुसत्या पसंतीवर रांग लावली की काय होतं ते आम्ही पहिल्याच वर्षी भोगलं. सगळ्यांच्या रांगेत तेच पन्नास-साठ चेहरे वर. त्यांच्याकडे ढिगाने पसंत्या, त्यांना उत्तर देणं अशक्य, आणि बाकीच्यांना वाटायचं की इथे कोणी बोलतच नाही. म्हणून नंतर आम्ही मॅचऐवजी बोलणं सुरू होण्याच्या शक्यतेवर रांग लावायला लागलो. ढोबळ सूत्र असं:

```
क्रम = (तिला तो आवडण्याची शक्यता) × (मॅच झाल्यावर बोलणं होण्याची शक्यता)
```

एका बाईच्या रांगेतले दोन पुरुष घ्या, दोघांनीही तिला आधीच पसंती दिलेली आहे. पहिला दिसायला छान, तिला आवडण्याची शक्यता ०.१२. पण त्याने समोर येईल त्याला पसंती दिली आहे आणि आलेल्या मेसेजांना तो सहसा उत्तर देत नाही, म्हणून बोलणं होण्याची शक्यता ०.०५. गुणाकार ०.००६. दुसरा तिला आवडण्याची शक्यता ०.०८, पण तो निवडून पसंती देतो आणि बहुतेकदा उत्तर देतो, ०.३०. गुणाकार ०.०२४. नुसत्या पसंतीवर पहिला पुढे असता. बोलण्यावर लावलं की दुसरा चौपट वर.

हे आकडे समजावण्यासाठी मी धरलेले आहेत. पण दिशा अशीच होती. पाच जणींचे मेसेज आले आणि तिघींना उत्तर गेलं नाही, हे आमच्या तक्त्यात दुसऱ्या रकान्यात उतरलं असतं. तुमच्या ॲपमध्ये त्याला किती वजन आहे हे बाहेरून सांगता येत नाही.

सायली_म

मी वेगळ्याच अडचणीत आहे आणि हा धागा वाचून थोडी धास्तावले. माझ्याकडे १४० मॅच तसेच पडून आहेत, मी उत्तर दिलेलं नाही. उर्मटपणा नाही त्यात. सुरुवातीला सगळ्यांना उत्तर द्यायचा प्रयत्न केला, आठवडाभरात थकले. आता ॲप उघडलं की तो आकडा बघूनच बंद करावंसं वाटतं. नवीन पसंत्या मात्र थांबत नाहीत. मला दिसणं कमी करायचं आहे, वाढवायचं नाही. त्याला काही उपाय आहे का?

गारगोटी

उपाय आहे. बहुतेक ॲपांमध्ये 'मला दाखवू नका' किंवा 'थांबवा' असं बटण असतं. ते चालू केलं की नवीन लोकांच्या रांगेतून तुम्ही बाहेर पडता, झालेले मॅच राहतात आणि त्यांच्याशी बोलता येतं.

पण तुमची अडचण या प्रश्नाचीच दुसरी बाजू आहे. २०१८ मध्ये एलिझाबेथ ब्रूक आणि मार्क न्यूमन यांचा अमेरिकेतल्या चार शहरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात न्यूयॉर्कमधल्या एका तीस वर्षांच्या स्त्रीला एका महिन्यात १५०४ मेसेज आले होते. एवढ्यांना कोण उत्तर देणार? तिच्या दारात अजून पाचशे जण उभे करण्यात तिचंही भलं नाही आणि त्या पाचशे जणांचंही नाही. म्हणून शहाणी यंत्रणा अशा माणसाचं दिसणं आपणहून आवरते. आमच्याकडे एका व्यक्तीसमोर न उघडलेल्या पसंत्या ठरावीक संख्येच्या वर गेल्या की तिला इतरांच्या रांगेत थोडं मागे सरकवत असू. तिने आलेलं उपसलं की पुन्हा पुढे.

हिंजने २०२४ मध्ये हे उघडपणे केलं. तुमच्या उत्तराची वाट बघणारी आठ संभाषणं साचली, की एकाला उत्तर द्या नाहीतर संभाषण संपवा, तोवर नवीन मॅच नाही. ओकेक्युपिड फार आधी माणसाच्या पानावरच लिहायचं: बऱ्याचदा उत्तर देतो, निवडून देतो, फार निवडून देतो.

सायली_म

म्हणजे मी उत्तर दिलं नाही याची शिक्षा मलाच? समोरून 'हाय' आणि त्यापुढे काहीच नाही असे नव्वद मेसेज असतील तर मी प्रत्येकाला काय लिहायचं? हे मला अन्यायाचं वाटतं. बोलायचं की नाही हे मी ठरवणार.

गारगोटी

तुमचं म्हणणं मला पटतं, आणि आमच्या टीममध्ये यावरून खरोखर वाद झाले होते. उत्तर न देण्याला कारणं अनेक असतात आणि मोजणाऱ्याला त्यातलं एकही दिसत नाही. शेवटी आम्ही तडजोड केली. संभाषण संपवणं, म्हणजे मॅच काढून टाकणं, हे आम्ही उत्तर दिल्यासारखंच धरायला लागलो. कारण त्या माणसाला निकाल कळतो आणि रांग मोकळी होते. वाईट धरलं जायचं ते फक्त नुसतं पडून राहू देणं. सगळी ॲप असंच धरतात असं मात्र समजू नका.

सवडीने

सगळं वाचलं. मी संख्याशास्त्र शिकवतो, डेटिंग ॲप वापरत नाही, तेव्हा माझं म्हणणं फक्त आकड्यांपुरतं.

@उत्तररात्र, तुमचे मॅच १३, ६, २ असे उतरले, पण उजवीकडे सरकवण्याचं प्रमाणही ८५ टक्क्यांवरून ९३ आणि मग ९८ टक्क्यांवर गेलं. दर शंभर पसंत्यांमागे मॅच बघितले तर ३.८, १.५ आणि ०.५. या घसरणीला चार कारणं पुढे आली: नव्यासाठीची चाचणी संपली, जवळच्या सक्रिय जणी संपल्या, सरसकट पसंतीमुळे क्रम घसरला, उत्तर न दिल्यामुळे घसरला. चारही एकाच काळात घडली. मग तीन ओळींच्या तक्त्यातून कोणाचा वाटा किती हे कोणालाच वेगळं करता येणार नाही, गारगोटींनाही नाही.

आणि ज्याने प्रश्न सुटला असता तो रकाना तुमच्या फाइलमध्ये आहे का? म्हणजे तुमचं प्रोफाइल एकूण किती जणींना दाखवलं?

उत्तररात्र

नाही. मी पुन्हा सगळी फाइल चाळली. मी काय केलं आणि मला काय मिळालं एवढंच आहे.

सुपारीचं_झाड

मी मध्यंतरी टिंडरची फाइल मागवली होती, तिथेही तेच. रोजचे आकडे `app_opens`, `swipes_likes`, `swipes_passes`, `matches`, `messages_sent`, `messages_received` या नावांखाली मिळतात. किती जणांना दिसलो आणि किती जणांनी डावीकडे टाकलं, याचा रकाना नाही.

गारगोटी

@सवडीने, मान्य. वाटे वेगळे करता येणार नाहीत. पण मूळ प्रश्न 'मला लपवलंय का' असा आहे आणि त्याचं उत्तर एका आडमार्गाने मिळू शकतं.

न दिसणं आणि दिसून नाकारलं जाणं, दोन्हींत मॅच शून्यच होतात. पण जुन्या पसंत्यांवरून फरक कळतो. समजा तुम्ही एखादीला महिन्याच्या एक तारखेला पसंती दिली आणि मॅच तेवीस तारखेला झाला. याचा अर्थ तेवीस तारखेला तुमचं प्रोफाइल तिच्यासमोर आलं. झाकून ठेवलेल्या माणसाच्या बाबतीत हे घडणारच नाही. तेव्हा एक वही करा. ज्या दिवशी पसंती द्याल त्या दिवशी नाव, वय, अंतर टिपून ठेवा. मॅच झाला की वही बघा, किती दिवस मध्ये गेले ते कळेल. वहीत नाव नसेल तर ती आजच्याआधीची पसंती आहे.

रोज शेकडो पसंत्या देत असाल तर ही वही लिहिणं अशक्य आहे. त्यामुळे पसंत्या आपोआप कमी होतील.

पाणकावळा

आणि ॲप रात्री नऊला उघड. त्या वेळी सगळे असतात. नुसतं उघडून बंद केलं तरी माणूस वर येतो असं माझं निरीक्षण आहे.

गारगोटी

अर्धं बरोबर आहे. ॲप उघडलं की 'शेवटचं कधी आला' ही वेळ ताजी होते, आणि चाळणीत ती वेळ बघितली जाते. त्यामुळे दहा दिवस गायब असलेला आणि आज येऊन गेलेला यांच्यात मोठा फरक पडतो. पण आज दोनदा आला की आठदा, याने आमच्याकडे काहीच बदलायचं नाही.

वेळेचा खरा फायदा वेगळा आहे. दोघं एकाच तासात ॲपवर असली, की याची पसंती तिच्या रांगेत पडते, ती लगेच बघते, मॅच होतो, आणि दोघांच्याही हातात फोन असतो. बोलणं तिथेच सुरू होतं. रात्रपाळीवाल्या माणसाने पहाटे चारला पसंती दिली तर ती बघेपर्यंत संध्याकाळ होते, तोवर तिच्यापुढे अजून चाळीस जण येऊन उभे असतात. @उत्तररात्र, तुम्ही कामावर जायच्या आधी वीस मिनिटं बघा.

उत्तररात्र

बघतो. तीन आठवड्यांनी इथेच लिहीन. आणि पैशांचं? तो प्रश्न राहिलाच.

गारगोटी

पैसे भरून जागा विकत घेता येते, यात लपवाछपवी नाही, त्यांच्या दरपत्रकातच असतं. टिंडरचं बूस्ट तीस मिनिटं तुम्हाला आसपासच्या लोकांच्या रांगेत पुढे आणतं. त्यांच्या सर्वांत वरच्या वर्गणींपैकी एकीत तुमची पसंती इतरांच्या आधी दाखवतात. रांगेची लांबी तेवढीच राहते, तेव्हा कोणी पुढे गेलं की बाकीचे मागे सरकणारच. या अर्थाने फुकट वापरणारा मागे पडतो ही तुमची शंका खरी आहे. पण मॅच आटलेल्या माणसाला पैसे भरायला लावण्यासाठी हेरून झाकतात, असं काही आमच्याकडे नव्हतं, आणि इतरत्र तसं चालत असल्याचा पुरावाही माझ्या पाहण्यात नाही.

तुमच्या बाबतीत आज बूस्ट घेऊन उपयोग नाही. ज्या पंधरा किलोमीटरमधल्या जणी संपल्या त्यांच्याचपुढे पुन्हा जाल. आधी वय आणि अंतर सैल करा.

उत्तररात्र

(तीन आठवड्यांनंतर)

सांगितल्याप्रमाणे परत आलोय. मधला एक आठवडा गावाला जावं लागलं, ॲप उघडलंच नाही. नंतरचे दोन आठवडे वहीसकट. वय २५ ते ३६ केलं, अंतर ३० किलोमीटर. रोज कामाला निघण्याआधी वीस मिनिटं. आलेल्या प्रत्येक मेसेजला त्याच दिवशी उत्तर, किंवा जमणार नसेल तर तसं लिहून मॅच काढून टाकला.

चौथा आठवडा: काहीच नाही
पाचवा आठवडा: उजवीकडे ४५, डावीकडे १६०, मॅच ३
सहावा आठवडा: उजवीकडे ५०, डावीकडे १५०, मॅच ४

या सातांपैकी पाच वहीत सापडले. चार जणींच्या बाबतीत पसंती आणि मॅच एकाच दिवसातले, पाचवीच्या बाबतीत सहा दिवस गेले. उरलेल्या दोघी वहीत नाहीत. एक तीन किलोमीटरवर राहते, म्हणजे ती पहिल्याच आठवड्यातली असणार. तिला विचारलं. म्हणाली, महिनाभर ॲप उघडलं नव्हतं, परवा उघडलं तर पहिल्या दहांत मी दिसलो.

पहिल्या तीन आठवड्यांतल्या २१ मॅचपैकी तिघींशीच दहा मेसेजांच्या पुढे बोलणं गेलं होतं. आता सातांपैकी पाचांशी.

गारगोटी

वहीत नसलेल्या त्या दोघींनी तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर दिलं. तीन किलोमीटरवर राहणारीच्या रांगेत तुमची पसंती महिनाभर पडून होती आणि ती परत आल्यावर वरच्या दहांत होती. तुम्हाला कोणी झाकलेलं नव्हतं. ज्याने आधीच पसंती दिली आहे त्याला वर ठेवतात, कारण तिने होकार दिला की मॅच नक्की असतो.

सवडीने

लपवलेलं नव्हतं हे मान्य, तो पुरावा चांगला आहे. पण उत्तर दिल्याने क्रम सुधारला हे यातून सिद्ध होत नाही. नव्या ९५ पसंत्यांवर ५ मॅच, म्हणजे शंभरामागे ५.३. तुम्ही एकाच वेळी वय वाढवलं, अंतर दुप्पट केलं, वेळ बदलली, निवडून पसंती दिली आणि उत्तरं दिलीत. नव्या अंतरातल्या ताज्या जणी एवढ्या एकाच कारणाने हा आकडा येऊ शकतो. पाचांशी बोलणं झालं, त्यालाही साधं कारण आहे: तुम्ही उत्तरं दिलीत म्हणून बोलणं झालं. रांगेचा त्यात हात असेलच असं नाही. शिवाय आठवड्याला तीन-चार मॅच हे पहिल्या आठवड्यातल्या तेरापेक्षा कमीच आहेत.

गारगोटी

मी उत्तरांना वजन असतं म्हणते ते आतून पाहिलेल्या एका सेवेवरून. त्यांच्या ॲपमध्ये ते किती आहे हे या वहीतून निघणार नाही, इथे तुम्ही बरोबर आहात. ते तपासायचं तर बाकी सगळं तसंच ठेवून पुढचे दोन आठवडे मुद्दाम उत्तर न देता राहावं लागेल.

उत्तररात्र

ते मी करणार नाही. यातल्या दोघींशी रोज बोलणं चालू आहे, प्रयोगासाठी त्यांना ताटकळत ठेवणं मला जमायचं नाही. आणि पहिल्या आठवड्यातल्या ज्या तिघींना उत्तर दिलं नव्हतं त्यांना काल लिहिलं, उशीर का झाला तेही सांगितलं. एकीने मॅच आधीच काढून टाकला होता. एकीने अजून वाचलेलं नाही. तिसरीने लिहिलंय, ठीक आहे, पण मी आता दुसऱ्या कोणाशी बोलतेय.

सायली_म

मी त्या दिवसानंतर दाखवणं थांबवलं आणि रोज दहा-दहा करून १४० पैकी ११२ काढून टाकले. २८ उरलेत, त्यातल्या नऊ जणांना खरंच उत्तर द्यावंसं वाटतंय. एक शंका आहे @गारगोटी: दाखवणं पुन्हा सुरू केलं की मी नवीन माणसासारखी वर दिसते, की होते तिथेच?

गारगोटी

आमच्याकडे होता तिथेच, जुनी माहिती जपलेली असायची. फक्त 'शेवटचं कधी आली' ही वेळ ताजी होते, म्हणून पहिले दोन दिवस पसंत्या एकदम वाढल्यासारख्या वाटतात. आधी त्या नऊ जणांना लिहा, मग सुरू करा.